भाडं आणि किराण्याचे थकलेले पैसे मागताना: एका मेसेजची दुरुस्ती

प्रश्न: कर्वेनगरला टू-बीएचकेत आम्ही तिघी राहतो. भाडं २७,०००, दर महिन्याच्या ५ तारखेला ते माझ्या खात्यातून घरमालक काकांना जातं आणि दोघी मला आपापले ९,००० देतात. एकीकडून नोव्हेंबरचे ४,००० आणि डिसेंबरचे पूर्ण ९,००० यायचेत. शिवाय नोव्हेंबरचा किराणा, भाजी, दूध, गॅस आणि स्वयंपाकाच्या मावशी मिळून १२,७०२ झाले, म्हणजे तिचे ४,२३४. नोव्हेंबरात १४ ते २५ ती बहिणीच्या लग्नाला गावी होती. वीज आणि वायफायचे पैसे मात्र ती वेळच्या वेळी देते. पगार सगळ्यांचा महिनाअखेरीस होतो. करार मार्चपर्यंत आहे, मैत्रीणही चांगली आहे, घरात धुसफूस नको. आज ११ डिसेंबर. खालचा मेसेज लिहून ठेवलाय, नीट करून द्याल का?

“हाय! सॉरी हं, परत परत विचारायला मलाच कसंतरी होतं, पण तुझे भाड्याचे आणि घरखर्चाचे मिळून १७ हजारांच्या वर झालेत. दर वेळी मीच भरायचं का? बहिणीच्या लग्नाची शॉपिंग करताना पैसे असतात, मग भाड्याचं तेवढं कसं राहतं? आम्हा दोघींनाही आता हे जड जातंय. मी काही बँक उघडून बसलेली नाही 😅 जमेल तसं पण लवकरात लवकर पाठव प्लीज. रागावू नकोस 🙏”

उत्तर:

शब्दांची डागडुजी नंतर करू. आधी या मेसेजात काय काय कोंबलंय ते बघा: पैशांची मागणी, मनात साठलेली तक्रार आणि त्या तक्रारीबद्दल आगाऊच मागितलेली माफी. वाचणारी तिन्हींना उत्तर देत बसत नाही. तिला जे सगळ्यात झोंबेल त्याला ती उत्तर देणार, आणि इथे झोंबणारं वाक्य लग्नाच्या शॉपिंगचं आहे. उद्या रात्री तुम्ही दोघी ‘माझ्या बहिणीचं लग्न मध्ये आणायचं कारणच काय’ यावर बोलत बसाल आणि पैशांचा विषय निघायचाच राहील.

मी पुण्यातल्या एका पतसंस्थेच्या वसुली विभागात होते. कर्ज थकलेल्यांना पत्रं लिहिणं हे माझं काम. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला, जप्ती वगैरे गोष्टी लोकांना ऐकून माहीत असतात, पण ती फार पुढची पायरी. आमची खरी मेहनत पहिल्या स्मरणपत्रावर असायची. त्या पत्रात कशाचे किती थकले, कधीपर्यंत भरायचे आणि कुठे भरायचे एवढंच असे. कर्जदाराने मागच्याच महिन्यात नवी गाडी काढलीय हे आमच्या शाखेत शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी ते पत्रात कधी आलं नाही, कारण गाडीचा उल्लेख केला की माणूस हप्ता विसरून गाडीचं समर्थन करायला शाखेत येतो. तुमच्या मेसेजातली लग्नाची शॉपिंग ही तीच गाडी.

तुमच्या मैत्रिणीकडून यायच्या रकमेत दोन वेगळ्या जातीचे पैसे आहेत आणि तुम्ही त्यांची बेरीज करून टाकलीत. भाड्याच्या १३,००० वर कुणीच वाद घालू शकत नाही. आकडा आधीपासून ठरलेला आहे आणि तुम्ही तो काकांना देऊन बसला आहात. ती गावी होती म्हणून तिची खोली काही कमी भाड्याची झाली नाही. घरखर्चाच्या ४,२३४ वर मात्र वाद होऊ शकतो, आणि होणारच, कारण बारा दिवस ती घरात जेवलेलीच नाही. दोन्ही एकत्र करून ‘१७ हजारांच्या वर’ म्हटलंत की तिचं पहिलं उत्तर येईल, ‘पण मी तर बारा दिवस नव्हते.’ मग त्या काही शे रुपयांचं ठरेपर्यंत वादात नसलेले १३,०००ही लटकून राहतात. म्हणून मेसेजआधी हिशेब दुरुस्त करायला हवा.

तुमच्या १२,७०२ चे तपशील तुम्ही दिले नव्हते. तुमच्याकडच्या वहीत ते साधारण असे असतील असं धरून करून दाखवते. आकडे तुमचे घाला. किराणा ३,४८०, भाजी-फळं २,०५२, रोजचं लिटरभर दूध ६० रुपयांप्रमाणे १,८००, गॅस सिलिंडर ८७० आणि मावशींचा पगार ४,५००. यातले मावशी आणि गॅस तिघींत सारखे वाटा. मावशींचा पगार कुणी गावी गेलं म्हणून कापला जात नाही, आणि सिलिंडर कुठल्या महिन्यात किती जळला याचा माग काढत बसण्यात अर्थ नाही. म्हणजे तिच्याकडे १,५०० आणि २९० मिळून १,७९० आले.

उरलेले किराणा, भाजी आणि दूध मिळून ७,३३२ होतात. हे जेवणाऱ्या दिवसांवर वाटायचे. तुम्ही दोघी तीस-तीस दिवस होतात, ती अठरा दिवस होती. एकूण ७८ दिवस. ७,३३२ ला ७८ ने भागलं की दिवसाला ९४ रुपये पडतात. तिचे अठरा दिवसांचे १,६९२ झाले, तुमचे प्रत्येकी २,८२०. सरसकट तीन भाग केले असते तर प्रत्येकीला २,४४४ आले असते. म्हणजे नव्या हिशेबात तिचे ७५२ कमी होतात आणि तुम्हा दोघींवर ३७६-३७६ वाढतात. तिचा घरखर्च ४,२३४ ऐवजी ३,४८२ झाला, आणि एकूण येणं १६,४८२.

स्वतःवरचे ३७६ वाढवून घ्यायला जिवावर येईल, पण त्या पैशांत तुम्ही तिची एकमेव रास्त हरकत तिने उच्चारायच्या आधीच मिटवता. हिशेब तिच्या बाजूने सुटलेला दिसला की मेसेजाच्या बाकीच्या भागावरही विश्वास बसतो. मात्र तिसऱ्या मैत्रिणीला हे आधी सांगा. तिचेही ३७६ वाढताहेत आणि ते तिला वहीच्या पानाच्या फोटोतून कळणं बरं नाही.

याहून बारीक मात्र जाऊ नका. कॉफी कोण पितं, तूप कोण जास्त घेतं, रविवारी कुणाची मावसबहीण जेवायला आली होती, हे वहीत आलं की हिशेब अचूक होतो आणि घर बिघडतं. सलग चार-पाच दिवसांपेक्षा जास्त कुणी बाहेर असेल तरच दिवस वजा करायचे, एवढा नियम पुरतो. आणि एक गोष्ट मेसेज पाठवण्याआधी नक्की तपासा: तिने स्वतःच्या खिशातून भरलेलं काही राहून गेलंय का? पाण्याचे जार, गावाहून येताना आणलेले तांदूळ, नळ दुरुस्त करणाऱ्याला दिलेले पैसे. तुमच्या १६,४८२ च्या मेसेजला ‘आणि माझे ६०० कुठे गेले?’ असं उत्तर आलं तर तुम्ही कितीही गोड लिहिलेलं असो, बाजू तुमची पडते.

आता तुमच्या मेसेजातली वाक्यं.

‘सॉरी हं’ काढा. तुमचेच पैसे मागताना तुम्ही माफी मागितलीत की मागण्यात काहीतरी वावगं आहे असं आधीच कबूल केल्यासारखं होतं. वर दोन ओळींनी टोमणा येतो, त्यामुळे ती माफी खोटीही वाटते. ‘रागावू नकोस’ हेही तसंच: राग येण्यासारखं काहीतरी लिहिलंय हे तुम्हालाच माहीत आहे, अशी ती कबुली आहे. राग येण्यासारखं वाक्य काढलं की याची गरजच उरत नाही.

‘दर वेळी मीच भरायचं का?’ हे खरं नाही, आणि ते खरं नसल्यामुळे ते धोक्याचं आहे. ती वीज आणि वायफाय वेळेवर देते असं तुम्हीच लिहिलंय. ‘दर वेळी’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द आले की समोरचा माणूस लगेच एक उलट उदाहरण काढतो आणि तेवढ्यावर सगळा मेसेज खोटा ठरवतो. तिच्या त्या वेळेवर देण्यातून मला तरी असं दिसतं की तिची नियत ठीक आहे, लहान रक्कम ती काढू शकते, लग्नामुळे मोठी रक्कम एकदम काढणं अवघड झालंय. अंदाज चुकीचाही असेल, पण मेसेज याच समजुतीने लिहिलेला बरा. नियतच वाईट निघाली तरी या मेसेजाने तुमचं काही बिघडत नाही.

‘आम्हा दोघींनाही’ हे तर मुळीच नको. पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, मागणी तुमची आहे. तिसरीला सोबत घेतलंत की तिला वाटणार, दोघी पाठीमागे बसून माझ्याबद्दल बोलतात. तीन जणींच्या घरात दोन विरुद्ध एक अशी फळी पडली की ती महिनोन्‌महिने भरून येत नाही.

‘मी काही बँक उघडून बसलेली नाही’ आणि त्यापुढचा घाम पुसणारा हसरा चेहरा. आपल्या पुणेरी पाट्यांचा हा ढंग जिन्यात वाचायला मजेचा असतो, स्वतःच्या फोनवर स्वतःच्या नावाने आला की कुणालाच हसू येत नाही. इमोजी लावला म्हणून टोमणा मवाळ होत नाही. उलट बोचल्याचं बोलून दाखवलं तर ‘अगं, गंमत केली’ म्हणायची सोय तुम्ही ठेवलीय असं वाटतं.

आणि ‘जमेल तसं पण लवकरात लवकर’. हे दोन्ही एकदम कसं पाळायचं? ‘जमेल तसं’ म्हणजे तिच्या लेखी पुढच्या महिन्यात, ‘लवकरात लवकर’ म्हणजे तुमच्या लेखी उद्या. मधले वीस दिवस तुम्ही रोज मनात चरफडत राहणार आणि तिला पत्ताही नसणार. तारीख लिहिणं हे पुष्कळांना कठोर वाटतं. माझ्या अनुभवात तारीख नसलेली मागणीच जास्त त्रास देते, कारण ती वेळेत पूर्ण झाली की नाही हे दोघांनाही ठरवता येत नाही.

हे सगळं काढल्यावर मी मेसेज असा लिहीन:

“अगं, भाड्याचा आणि नोव्हेंबरच्या घरखर्चाचा हिशेब पाठवतेय.

भाडं: नोव्हेंबरचे राहिलेले ४,००० आणि डिसेंबरचे ९,०००, एकूण १३,०००. दोन्ही महिन्यांचं मी काकांना देऊन टाकलंय. हे सोमवारी १५ तारखेपर्यंत पाठवशील का? २० ला माझा लोनचा हप्ता जातो, त्याआधी खात्यात हवेत.

घरखर्च: ३,४८२. तू १४ ते २५ नव्हतीस, ते बारा दिवस किराणा, भाजी, दुधातून वजा केलेत. मावशी आणि गॅस तिघींत सारखे. वहीच्या पानाचा फोटो खाली आहे, माझ्याकडून काही धरायचं राहिलं असेल तर सांग. हे पगार झाल्यावर दिलेस तरी चालेल.

१५ पर्यंत जमणार नसेल तर कधी जमेल तेवढं उद्यापर्यंत कळव, म्हणजे मला हप्त्याची दुसरी सोय बघता येईल.”

हप्त्याचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. नसेल तर ‘दोन महिन्यांचं माझ्याकडून गेल्यामुळे या महिन्यात हात आखडलाय’ एवढं पुरे. एकच कारण द्या आणि ते खरंच असू द्या. खोटी अडचण सांगितलीत आणि शनिवारी तुम्ही एफसी रोडवरून दोन पिशव्या घेऊन घरी आलात, की पुढच्या मेसेजाला वजन उरत नाही. एकाच घरात राहणाऱ्यांना एकमेकींच्या पिशव्या दिसतात.

हरकत घ्यायची जागा मी फक्त घरखर्चात ठेवलीय, हेही मुद्दाम. पतसंस्थेच्या पत्रात शेवटी एक ओळ असायची: रक्कम भरली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे. भरणाऱ्याचा मान राखायला ती ओळ उत्तम, पण तेव्हा रोखीने भरलेल्या पैशांची नोंद शाखेत उशिरा पोचू शकत असे. यूपीआयच्या काळात पैसे आले की नाही हे तुम्हाला त्याच क्षणी कळतं, त्यामुळे भाड्याबाबत ‘पाठवले असशील तर सोडून दे’ म्हणणं नाटकी वाटेल. घरखर्चाच्या हिशेबात मात्र तुमची चूक खरोखर होऊ शकते, म्हणून तिथे दार उघडं.

घरखर्चाला पगारापर्यंतची सवलत आणि भाड्याला नाही, याचं कारण आकड्यांत आहे. समजा सगळंच पगारावर ढकललं. ५ जानेवारीला जानेवारीचे ९,००० येतातच. म्हणजे तिला एका पगारातून १६,४८२ आणि ९,००० मिळून २५,४८२ काढावे लागतील, शिवाय डिसेंबरचा घरखर्च वेगळा. ते होणार नाही, ती पुन्हा अर्धं देईल, आणि फेब्रुवारीत तुम्ही मला यापेक्षा वाईट मेसेज दाखवाल. थकबाकी लांबते ती बहुधा अशीच: माणूस नाही म्हणत नाही, पुढच्या पगारावर दोन महिन्यांचं ओझं टाकतो.

मेसेज तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवा, फ्लॅटच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर तिसरीसमोर रक्कम गेली की तिला पैशांआधी अब्रूचं उत्तर द्यावं लागतं. वेळ संध्याकाळची, ती ऑफिसातून येऊन चहा झाल्यानंतरची धरा. रात्री साडेअकराला पाठवलंत तर ती उत्तर न देता झोपणार आणि सकाळी बाथरूमच्या रांगेत तुम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहणार. आणि ती शेजारच्याच खोलीत असेल तर पाठवण्याआधी तोंडाने सांगा: ‘अगं, भाड्याचा नि किराण्याचा हिशेब पाठवतेय, बघून ठेव.’ आकडे लेखी असलेले बरे, पण भिंतीपलीकडून काही न बोलता आलेला लांब मेसेज नोटिशीसारखा वाटतो.

यूपीआय ॲपमधून पैशांची रिक्वेस्ट पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. व्यक्तीने व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय फसवणुकीच्या प्रकारांमुळे ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय. तशीही ती कोरडीच वाटायची. रक्कम भरून ठेवलेला क्यूआर पाठवता येतो, पण तो तिने ‘पाठवते’ म्हटल्यावर. आधीच पाठवलात तर दुकानाच्या काउंटरवर उभं केल्यासारखं होतं.

उत्तरं काय येतील त्याची तयारी ठेवा. ‘हो गं, पाठवते’ एवढंच आलं आणि तारीख नसेल तर त्यावर अंगठा दाखवून थांबू नका. ‘बरं, मग १५ धरते’ एवढं लिहा. तारीख तिच्या ‘हो’ला जोडली गेली पाहिजे.

‘लग्नात सगळे संपले गं, पगारावरच जमेल’ असं आलं तर चिडू नका. तुम्हाला निदान खरी स्थिती कळली. इथे एकदम सगळं मागण्याऐवजी जुनं आधी मिटवा. आत्ता नोव्हेंबरचे ४,००० तरी दे म्हणा. १ जानेवारीला चालू महिन्याचे ९,००० आणि डिसेंबरचे ४,५००. १ फेब्रुवारीला चालू भाड्यासोबत उरलेले ४,५०० आणि ३,४८२. दर महिन्याचा घरखर्च नेहमीसारखा चालू. बेरीज तीच १६,४८२ येते आणि चालू महिना एकदाही चुकत नाही. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, तीच सुटली तर बाकीच्या तारखांना अर्थ नाही. अधलीमधली कुठलीही रक्कम आली की ती कशाची धरली ते लिहून टाका: ‘४,००० मिळाले, नोव्हेंबरचं भाडं पूर्ण झालं.’ नुसतं ‘मिळाले’ म्हटलंत तर महिन्याभराने एकीच्या लेखी ते भाड्याचे असतात आणि दुसरीच्या लेखी किराण्याचे.

‘एवढा हिशेब कशाला, मी काय पळून जातेय का?’ असंही येऊ शकतं. त्याला मेसेजमधून उत्तर देऊ नका. उठून तिच्या खोलीत जा आणि सांगा, ‘पळून जाणार नाहीस माहितीय, मला २० चा हप्ता आहे म्हणून विचारलं.’ लेखी भांडणात प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि दर वाचनात थोडं जास्त लागतं.

काहीच उत्तर आलं नाही, निळ्या खुणा पडल्या आणि १५ उलटून गेली, तर १६ ला दुसरा मेसेज पहिल्यापेक्षा छोटा असू द्या: “अगं, काल १५ झाली, भाड्याचे १३,००० अजून आले नाहीत. आज जेवताना बसूया का? किती आणि कधी जमेल ते ठरवून टाकू.” जुना मेसेज पुन्हा फॉरवर्ड करू नका, प्रश्नचिन्हांची रांग पाठवू नका. आणि तिसरा मेसेज लिहूच नका. दोन मेसेजांनी जे झालं नाही ते आता समोरासमोर बसूनच व्हायचं.

त्या बैठकीत डिपॉझिटचा विषय तुम्ही काढू नका. करारावर तिघींची नावं असतील आणि डिपॉझिटात तिचाही हिस्सा असेल, तर ‘तुझ्या डिपॉझिटातून वळते करू’ हा मार्ग सोपा वाटतो. पण ते पैसे काकांकडे आहेत आणि घर सोडताना मिळणार, म्हणजे मार्चपर्यंत तुमच्या हातात एक रुपया येत नाही. धमकीचा वास मात्र आजच सुटतो. बैठकीतही तोडगा निघाला नाही आणि ती स्वतःहून डिपॉझिटाबद्दल बोलली, तर तेवढं तिच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या. काकांना मध्ये घालणं तर अगदीच टाळा. त्यांना पूर्ण भाडं वेळेवर मिळतंय. तुमच्यातली कुरबुर कळली तर मार्चमध्ये करार वाढवताना ते तिघींकडेच संशयाने बघतील.

पुढे असं होऊ नये म्हणून नवा नियम करावासा वाटेल, प्रत्येकीने ३ तारखेपर्यंत ९,००० द्यायचे वगैरे. करा, पण या मेसेजात घालू नका. वसुली आणि नियम एकत्र आले की नियम शिक्षेसारखा वाटतो. तिचे पैसे येऊन आठवडा झाला की ग्रुपवर, तिघींसाठी म्हणून मांडा, आणि डिसेंबरच्या घरखर्चाचं पान १ जानेवारीला तिघींना एकाच वेळी पाठवा. त्यात तुमचा स्वतःचा वाटा आणि तुम्ही नाताळात घरी जाऊन आलात तर तुमचे वजा केलेले दिवसही दिसू द्या.